रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’, तरीही पाचव्या दिवशी ताप : एंटेरोबॅक्टरच्या संसर्गाचे एक प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. औषधांचे डोस, तपासण्या आणि त्यांचा क्रम प्रत्यक्ष व्यवहारात असतो तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातून 54 वर्षांचे एक शेतकरी पोटात असह्य दुखते म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी रुग्णालयात आले. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला अल्सर फुटला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, छिद्र बुजवले, पोट सलाइनने धुतले आणि ड्रेन ठेवला. वजन 60 किलो, क्रिएटिनिन 1.1, मधुमेह नाही. मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन होती आणि लघवीची नळी होती.

शस्त्रक्रियेपासून सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडाझोल सुरू होते. ते सात दिवस चालले. पोटातला संसर्गाचा उगम नीट बंद झाला असेल तर चार दिवस पुरतात, हे 2015 मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसून आले आहे. इथे सात दिवस देण्यामागे खास कारण नव्हते. वॉर्डात तसा प्रघात होता, एवढेच. पण या सात दिवसांनी पुढच्या घटनांची पायाभरणी केली. आतड्यातले सेफ्ट्रिॲक्सोनला बळी पडणारे जिवाणू कमी झाले आणि ज्यांना त्याच्याशी झुंजता येते त्यांना मोकळी जागा मिळाली.

नवव्या दिवसाची रात्र

अँटिबायोटिक बंद होऊन दोन दिवस झाले होते. ड्रेन पाचव्याच दिवशी काढला होता. रात्री साडेदहाला थंडी वाजून 39.2 अंश ताप आला. नाडी 124, रक्तदाब 88/54. दोन लिटर सलाइननंतर दाब 104 पर्यंत आला. पोट किंचित फुगलेले होते, उजवीकडे बरगडीखाली दाबल्यावर दुखत होते.

औषध सुरू करण्याआधी रक्ताचे दोन संच घेतले, एक हाताच्या शिरेतून आणि एक सेंट्रल लाइनमधून. प्रत्येक संचात दोन बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त. दोन्हीकडून एकाच वेळी, सारखेच रक्त घेतले आणि बाटल्यांवर जागा व वेळ लिहिली, हे या रात्री झालेले एक उत्तम काम. रक्तातल्या संसर्गाचा उगम लाइन असेल तर लाइनमधल्या बाटलीत वाढ हाताच्या बाटलीपेक्षा किमान दोन तास आधी दिसते. लेबल नसते तर हा प्रश्नच सोडवता आला नसता.

अकराव्या तासाला मशीनने हाताची बाटली पॉझिटिव्ह दाखवली आणि वीस मिनिटांच्या फरकाने लाइनचीही. म्हणजे उगम लाइन नव्हे. तो दुसरीकडे कुठेतरी होता, आणि पोटाकडे बोट दाखवायला ही पुरेशी खूण होती.

स्लाइडवर काय दिसले

ग्राम स्टेनिंगला पाच मिनिटेही लागत नाहीत. स्लाइडवर थेंब पातळ पसरवून वाळवायचा आणि गरम करून चिकटवायचा. मग एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, एक मिनिट आयोडीन, त्यानंतर काही सेकंद ॲसिटोन-अल्कोहोल आणि शेवटी अर्धा ते एक मिनिट सॅफ्रॅनिन. सगळा खेळ त्या मधल्या काही सेकंदांचा असतो. ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूची पेशीभित्तिका जाड असते, साधारण 20 ते 80 नॅनोमीटर, आणि अल्कोहोलने ती आकसते. त्यामुळे जांभळा रंग आतच अडकून राहतो. ग्राम निगेटिव्हची भित्तिका अगदी पातळ असते आणि तिच्याबाहेर चरबीयुक्त बाह्य पटल असते. अल्कोहोल ते पटल विरघळवते, जांभळा रंग धुऊन जातो आणि सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग चढतो. अल्कोहोल जास्त वेळ राहिला तर पॉझिटिव्ह जिवाणूही गुलाबी दिसतात, आणि स्मिअर जाड झाला तर निगेटिव्हही जांभळे राहतात. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ स्लाइडची पातळ कड आधी पाहतात.

चारही बाटल्यांच्या स्लाइडवर गुलाबी दांडे होते. लाइनच्या एका बाटलीत मात्र त्यांच्या जोडीला द्राक्षांच्या घोसासारखे जांभळे गोल जिवाणूही दिसले. तंत्रज्ञांनी लगेच फोन केला : “मॅडम, चारहीत ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय आहेत. लाइनच्या एका बाटलीत कॉक्सायसुद्धा आहेत, घोसातले.”

पहिला निर्णय

आयसीयूतल्या डॉक्टरांसमोर तीन पर्याय होते. पुन्हा सेफ्ट्रिॲक्सोन द्यायचे, तर सात दिवस ते घेतलेल्या रुग्णाला खालावलेल्या दाबासह त्याच औषधावर सोडणे धोक्याचे होते. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हा मधला पर्याय होता. पण आपल्याकडच्या आयसीयूत ई. कोलाय आणि क्लेबसिएला यांच्याकडे सेफ्ट्रिॲक्सोनसारखी औषधे तोडणारे ईएसबीएल एन्झाइम वारंवार आढळते, आणि रक्तातल्या अशा संसर्गात पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमवर भरवसा ठेवता येत नाही. तिसरा पर्याय मेरोपेनेमचा. रुग्णाची अवस्था पाहता मेरोपेनेम 1 ग्रॅम दर आठ तासांनी सुरू करणे योग्यच होते. पोटासाठी मेट्रोनिडाझोल वेगळे लागत नाही, कारण ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणूही मेरोपेनेमने मरतात.

घोसातल्या कॉक्सायसाठी व्हँकोमायसिनही जोडले. सुरुवातीला 1500 मिलिग्रॅम, मग दर बारा तासांनी 1 ग्रॅम. मेरोपेनेमला न जुमानणारा एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला प्रतिरोधक स्टॅफिलोकॉकस ऑरियस, निघण्याची शक्यता होती, म्हणून तेव्हा तो डोस देण्यात चूक नव्हती. चूक झाली ती औषध थांबवण्याच्या वेळी. चारपैकी एकाच बाटलीत आणि तीही लाइनची, एवढ्यावरून हे बहुधा त्वचेवरचे जिवाणू आहेत असे दुसऱ्या दिवशीच म्हणता आले असते. कोॲग्युलेज चाचणी काही तासांत निगेटिव्ह आली होती, म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस नव्हता. तरी व्हँकोमायसिन तीन दिवस चालले आणि क्रिएटिनिन 1.1 वरून 1.6 वर गेले. खालावलेला दाब हेही त्यामागचे एक कारण असेल, पण एक कारण तरी आपल्या हातात होते.

याच जागी दोन्ही गटांतला फरक औषधांच्या भाषेत स्पष्ट होतो. व्हँकोमायसिनचा रेणू इतका मोठा आहे की ग्राम निगेटिव्हच्या बाह्य पटलातल्या छिद्रांतून तो आत जाऊच शकत नाही. त्या दांड्यांवर त्याचा काडीचाही परिणाम होणार नव्हता. दुसरीकडे, बाटलीतला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस मेथिसिलिनला प्रतिरोधक निघाला. त्याच्याकडे मेक-ए नावाचे जनुक होते. पेनिसिलिन ज्या प्रथिनाला चिकटते त्याचीच एक बदललेली, पेनिसिलिनला न धरणारी प्रत हे जनुक तयार करते. स्टॅफिलोकॉकस आपले कुलूप बदलतो. ग्राम निगेटिव्ह जिवाणू बहुधा किल्ली मोडतात : बाह्य पटल आणि पेशीचे आतले पटल यांच्यामधल्या अरुंद पोकळीत ते औषध तोडणारे एन्झाइम साठवतात, आणि आत आलेला प्रत्येक रेणू लक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधी त्या एन्झाइमच्या तावडीत सापडतो.

रिपोर्ट आला आणि औषध बदलले

बाराव्या दिवशी अंतिम रिपोर्ट आला. जिवाणू एंटेरोबॅक्टर क्लोएकी. अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनेट आणि सेफाझोलिन : रेझिस्टंट. सिप्रोफ्लॉक्सासिन : रेझिस्टंट. सेफ्ट्रिॲक्सोन, सेफेपिम, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, जेंटामायसिन, मेरोपेनेम : सेन्सिटिव्ह.

ताप उतरला होता, दाब स्थिर होता. मेरोपेनेम राखून ठेवावे, रिपोर्टनुसार साध्या औषधावर यावे, हे तत्त्व योग्यच आहे, आणि ते पाळावे म्हणूनच मेरोपेनेम थांबवून सेफ्ट्रिॲक्सोन 2 ग्रॅम रोज आणि मेट्रोनिडाझोल सुरू झाले. निर्णय घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता. जिवाणू ई. कोलाय असता तर निर्णयही बरोबर ठरला असता.

एंटेरोबॅक्टरच्या रिपोर्टवरचा ‘सेफ्ट्रिॲक्सोन सेन्सिटिव्ह’ हा शेरा मात्र वेगळ्या डोळ्याने वाचावा लागतो. या जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रावरच ॲम्प-सी नावाच्या एन्झाइमचे जनुक असते. ते बाहेरून आलेले नसते. एरवी ते जवळजवळ बंद असते, म्हणून प्लेटवर सेफ्ट्रिॲक्सोन चालताना दिसते. भित्तिका तुटली की तिचे तुकडे पेशीच्या आत येतात. ॲम्प-डी नावाचे एन्झाइम ते तुकडे छाटून पुन्हा वापरात आणते. तुकडे साचू लागले तर तोच संकेत ठरतो आणि ॲम्प-सीचे उत्पादन सुरू होते. आता ॲम्प-डीच्या जनुकातच बिघाड झाला तर तुकडे कायम साचलेले राहतात आणि ॲम्प-सी कायम भरपूर तयार होत राहते. असा बदललेला जिवाणू सेफ्ट्रिॲक्सोन येताच तोडून टाकतो.

हा बिघाड औषधामुळे होत नाही. तो आपोआप, साधारण एक कोटी पेशींत एखादीत होत असतो. इथे पोटातला गळू महत्त्वाचा ठरतो. अकराव्या दिवशीच्या सोनोग्राफीत यकृताखाली मोठा साठा दिसला होता. रुग्ण सुधारत होता, सुई घालणारे रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोनदाच येत, म्हणून ‘औषधाने जिरेल, पाहू’ असे ठरले. त्यात सुमारे 130 मिली पू होता. एका मिलीत एक कोटी जिवाणू धरले तर एकूण 130 कोटी. कोटीला एक या हिशेबाने सेफ्ट्रिॲक्सोनचा पहिला थेंब जाण्याआधीच तिथे शंभराहून जास्त प्रतिरोधक पेशी तयार होत्या. मेरोपेनेम चालू असेपर्यंत त्यांना काही फायदा नव्हता, कारण ॲम्प-सी मेरोपेनेमला तोडू शकत नाही. सेफ्ट्रिॲक्सोन आल्यावर बाकीचे जिवाणू मेले आणि या शंभरांना सगळे अन्न व जागा एकट्यांना मिळाली.

सतरावा दिवस

सेफ्ट्रिॲक्सोनच्या पाचव्या दिवशी पुन्हा 38.9 ताप, पांढऱ्या पेशी 19,000. पुन्हा एंटेरोबॅक्टर क्लोएकी. सेफ्ट्रिॲक्सोनच्या डिस्कभोवतीचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेले वर्तुळ, या वेळी फक्त 12 मिमी होता. 23 किंवा जास्त असेल तर सेन्सिटिव्ह म्हणतात, 19 किंवा कमी असेल तर रेझिस्टंट. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमही गेले होते. क्लॅव्युलेनेटची डिस्क लावून झोन वाढला नाही, म्हणजे ईएसबीएलची खूण नव्हती. सेफेपिमचा झोन 27 मिमी आणि मेरोपेनेमचा 28 मिमी, दोन्ही शाबूत. हा साचा अतिसक्रिय ॲम्प-सीचाच.

त्यानंतर मायक्रोबायोलॉजिस्टनी फ्रिजमध्ये ठेवलेली पहिली प्लेट मागवली. सेफ्ट्रिॲक्सोनच्या डिस्कभोवतीचा झोन 26 मिमीचा, छान गोल, मोजायला सोपा. पण प्रकाशाकडे तिरपी धरल्यावर त्या स्वच्छ वर्तुळाच्या आत, डिस्कपासून थोड्या अंतरावर, मोहरीहूनही बारीक चार ठिपके दिसले. प्लेटवर हवेतून काही पडले असावे असे समजून कोणी त्यांची नोंद केली नव्हती. त्यातला एक ठिपका उचलून वाढवला. तोही एंटेरोबॅक्टर क्लोएकी आणि तोही सेफ्ट्रिॲक्सोनला रेझिस्टंट. सतराव्या दिवशी जे रक्तात सापडले ते बाराव्या दिवशीच प्लेटवर दिसत होते.

झोनच्या आत वाढलेल्या वसाहती कधीही दुर्लक्षायच्या नसतात. शुद्ध वसाहतीवरून चाचणी पुन्हा करायची, आणि त्या पुन्हा उगवल्या तर त्या औषधाला रेझिस्टंट लिहायचे. चाचणी मशीनवर केली तर असे ठिपके डोळ्यांना दिसण्याची सोयच नसते, त्यामुळे तिथे जिवाणूचे नाव हाच इशारा समजावा लागतो.

दुसऱ्यांदा काय केले

पर्याय दोन होते, पुन्हा मेरोपेनेम किंवा सेफेपिम. सेफेपिमचा रेणू बाह्य पटलातल्या छिद्रांतून वेगाने आत शिरतो आणि ॲम्प-सीला तो पटकन तोडता येत नाही, म्हणून अशा जिवाणूवर तो टिकतो. रुग्ण या वेळी शॉकमध्ये नव्हता. ईएसबीएल चाचणी निगेटिव्ह होती. सेफेपिम निवडले.

डोस ठरवताना मूत्रपिंडाचा हिशेब केला. तोवर क्रिएटिनिन पुन्हा 1.1 वर आले होते. (140 − 54) × 60 भागिले (72 × 1.1), म्हणजे मिनिटाला सुमारे 65 मिली. 60 च्या वर असल्याने 2 ग्रॅम दर आठ तासांनी. तीन दिवस व्हँकोमायसिन घेतल्यानंतरच्या 1.6 क्रिएटिनिनवर हाच हिशेब 45 येतो आणि डोस दर बारा तासांवर आणावा लागला असता. मूत्रपिंड मंद असताना पूर्ण डोस चालू राहिला तर रुग्ण गोंधळतो, हातपाय झटके देऊ लागतात आणि ते बहुधा ‘आयसीयूतली भ्रमिष्टता’ म्हणून सोडून दिले जाते. म्हणून क्रिएटिनिन एक दिवसाआड पाहिले. सेफेपिम ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंवर भरवशाचे नाही, त्यामुळे मेट्रोनिडाझोल 500 मिलिग्रॅम दर आठ तासांनी चालू ठेवले.

त्याच दुपारी दुसऱ्या गावच्या रेडिओलॉजिस्टना बोलावून सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली 12 फ्रेंचची पिगटेल नळी घातली. 130 मिली दुर्गंधीयुक्त पू निघाला. सेंट्रल लाइनही काढली, कारण तिची गरज चार दिवसांपूर्वीच संपली होती.

निकाल

दोन दिवसांत ताप गेला. नळी घातल्याच्या दिवसापासून मोजून सात दिवस अँटिबायोटिक दिले. ताप उतरल्यावर पुन्हा घेतलेले रक्त स्वच्छ होते. सहाव्या दिवशी नळीतून 10 मिलीपेक्षा कमी येऊ लागल्यावर ती काढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या 26 व्या दिवशी रुग्ण घरी गेले. शेजारच्या दोन खाटांवरच्या रुग्णांच्या नमुन्यांत हा जिवाणू सापडला नाही.

कुठे वेगळे वागता आले असते

सर्वांत मोठी जागा अकराव्या दिवसाची सोनोग्राफी. पू त्याच दिवशी काढला असता तर 130 कोटींचा साठाच उरला नसता, आणि मग सेफ्ट्रिॲक्सोनने कदाचित भागलेही असते. औषध निवडण्यावर जितकी चर्चा झाली त्याच्या एक दशांशही पू कधी काढायचा यावर झाली नाही.

दुसरी जागा रिपोर्ट. एंटेरोबॅक्टर क्लोएकी, क्लेबसिएला एरोजेनिस आणि सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी या तिघांच्या बाबतीत सेफ्ट्रिॲक्सोन, सेफोटॅक्सिम किंवा सेफ्टाझिडिम चालू असताना तीन-चार दिवसांतच प्रतिरोध उद्भवू शकतो. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एंटेरोबॅक्टरच्या रक्तसंसर्गात या गटातली औषधे मिळालेल्या रुग्णांपैकी 19 टक्क्यांत असे घडले होते. लघवीच्या साध्या संसर्गात हा धोका कमी असतो, कारण तिथे जिवाणूंची संख्या आटोक्यात असते आणि लघवीत औषध दाट उतरते. रक्त, पू किंवा फुप्फुस असेल तर मात्र प्रयोगशाळेने ही औषधे रिपोर्टवर दाखवू नयेत, किंवा दाखवली तर शेजारी इशारा छापावा. या रुग्णालयाने दुसरा मार्ग निवडला. आता तिथल्या रिपोर्टखाली अशी ओळ येते : “हा जिवाणू उपचारादरम्यान सेफ्ट्रिॲक्सोनला प्रतिरोधक होऊ शकतो. पर्याय सेफेपिम. ताप टिकल्यास तीन-चार दिवसांनी नमुना पुन्हा पाठवा.”

या ओळीलाही मर्यादा आहे आणि ती वापरणाऱ्याने लक्षात ठेवावी. ॲम्प-सीचा प्रतिरोध एका जिवाणूच्या गुणसूत्रात घडतो आणि त्याच्याच वंशात राहतो. ईएसबीएलची आणि मेरोपेनेमच्या गटातली, म्हणजे कार्बापेनेम औषधे तोडणाऱ्या एनडीएमसारख्या एन्झाइमची जनुके बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर असतात. क्लेबसिएलाकडून ती एंटेरोबॅक्टरकडेही पोहोचतात. ज्या एंटेरोबॅक्टरकडे ॲम्प-सीच्या जोडीला ईएसबीएल आहे, त्याच्यावर सेफेपिम फसते. शिवाय अतिसक्रिय ॲम्प-सी क्लॅव्युलेनेटची चाचणी झाकून टाकू शकते, म्हणजे ईएसबीएल असूनही चाचणी निगेटिव्ह येते. म्हणून सेफेपिमचा झोन 25 च्या काठावर असेल किंवा 48 तासांत ताप हलला नाही, तर मेरोपेनेमकडे वळायचे, आणि ड्रेनची नळी अडकली नाही ना हे त्याआधी पाहायचे.